डॉक्टरांच्या कॉलरमधला कच्चा मसुदा

मास्तरीणबाईंना एखादी गोष्ट जशी घडली तशी सांगा म्हटलं, की त्यांच्या पोटात दुखायला लागे. शेजारची मांजर भिंतीवरून पडली तर त्यांच्या तोंडी ती गच्चीवरून पडायची, आणि दुपारपर्यंत दोनदा पडलेली असायची. मापाच्या बाबतीत मात्र बाई सुतभर इकडेतिकडे होऊ देत नसत. तेवीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं, त्यावरूनच लोक त्यांना मास्तरीणबाई म्हणत, पण एकाही गिऱ्हाइकाची बाही आखूड झाली नाही. माप कापडाला, जिभेला नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

आणि आता त्यांना आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मापात सांगायची होती.

गोष्ट डाव्या अंगठ्याची. जाड कापड कापताना कात्री सटकली आणि अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूला, पात्यानं खोल वार केला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, चार टाके घातले, इंजेक्शन दिलं. दहाव्या दिवशी टाके काढले, तेव्हा बाई म्हणाल्या की शेंडा वाकत नाही. डॉक्टर म्हणाले, "बँडेजमुळे आखडलाय, सुटेल." सहा आठवड्यांनी त्या पुन्हा गेल्या, तर म्हणाले, "तेल लावून चोळा." नवव्या आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलातल्या हाताच्या सर्जननं सांगितलं, की अंगठा वाकवणारी शीर, म्हणजे स्नायूबंध, पहिल्याच दिवशी पूर्ण तुटलेला असणार. आता टोकं मागे खेचली गेलीत, सरळ शिवता येणार नाही, दुसरीकडून तुकडा घेऊन जोडावा लागेल, आणि तरी पूर्वीसारखं होईलच असं नाही. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली होती.

शिंपिणीचा डावा अंगठा गेला म्हणजे कापड धरणारा हात गेला. बाई तीन रात्री रडल्या आणि चौथ्या दिवशी पेटल्या. तक्रार करायची, मेडिकल कौन्सिलकडे करायची, आणि अशी करायची की वाचणाऱ्याच्या हातातला चहा सांडला पाहिजे.

मसुदा दुकानातच लिहिला गेला. कापायच्या मोठ्या टेबलाभोवती सगळं घर जमलं. बाई सांगत होत्या, नवरा लिहीत होता, आणि सासूबाई स्टुलावर बसून विशेषणं पुरवत होत्या.

"कसाई लिही," सासूबाई म्हणाल्या.

"लिहिलं."

"नुसतं कसाई नको. कसाई निदान काय कापतोय ते बघतो तरी. यमाचा दलाल लिही."

"दोन्ही लिहितो," नवरा म्हणाला. तो काजं-बटणं करायचा, स्वभावानं भिडस्त, पण हातात पेन आलं की त्याला ऊत यायचा. त्यानं स्वतःच्या खिशातली दोन वाक्यं घातली. डॉक्टरची पदवी रद्दीतून मिळालीय, आणि याच्या दवाखान्यात माणूस उभा जातो नि आडवा येतो. पाच पानं झाली. शेवटी सासूबाईंनी डोळे मिटून सबंध मसुदा ऐकला आणि म्हणाल्या, "आता बरं वाटलं."

संध्याकाळी भाची आली. नवऱ्याच्या बहिणीची मुलगी, कोर्टात वकिली करणारी, वयानं तिशीच्या आत आणि बोलण्यात साठीची. तिनं मसुदा उभ्यानंच वाचला. पहिल्या पानावर तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिसऱ्यावर ती खाली बसली. पाचव्या पानानंतर तिनं पाणी मागितलं.

"मामी, हे पाठवलंस तर कौन्सिल डॉक्टरला नोटीस पाठवायच्या आधी डॉक्टर तुला पाठवेल. बदनामीची."

"पण खरं आहे ते!"

"काय खरं आहे? तो यमाचा दलाल आहे? कमिशनची पावती आहे का?"

सासूबाई म्हणाल्या, "कायद्याच्या शाळेत आजीशी असं बोलायला शिकवतात काय गं?"

भाचीनं चष्मा काढून पुसला. मग तिनं समजावलं, आणि तिनं समजावलेलं बाईंना पहिल्यांदाच नीट कळलं. कौन्सिलकडे चांगल्या हेतूनं तक्रार करायचा हक्क कुणालाही आहे, आणि जे अधिकारी ऐकायला बसलेत त्यांच्यापुढे मांडलेल्या तक्रारीला कायदा सांभाळूनही घेतो. पण ती तक्रारच असली पाहिजे, शिवी नाही. तारीख, वेळ, कोण काय बोललं, कुठला कागद. बस. तो चोर आहे की साव, हे तक्रारदारानं सांगायचं नसतं. निष्काळजीपणा झाला का, हे कौन्सिलनं ठरवायचं असतं.

"आणि पैसे?" नवऱ्यानं विचारलं.

"पैसे कौन्सिल देत नाही मामा. ते फार तर ताकीद देतील, काही महिने डॉक्टरकी थांबवतील, किंवा रजिस्टरमधलं नाव काढतील. मामी, तुला नक्की काय हवंय?"

बाईंनी अंगठ्याकडे पाहिलं. तो काडीसारखा सरळ उभा होता.

"मला एवढंच हवंय," त्या म्हणाल्या, "की त्याला कुणीतरी विचारावं. मी विचारलं तर तो म्हणतो तेल लाव. माझा अंगठा वाकतो का, हे त्यानं त्या दिवशी बघितलं होतं का? हे त्याला उत्तर द्यावं लागेल अशा माणसानं विचारावं."

"मग तेच लिहू," भाची म्हणाली.

आठवडाभर काम चाललं. बाईंनी दवाखान्याकडे लेखी अर्ज करून केसपेपरची प्रत घेतली. त्यात जखम धुतल्याची, टाक्यांची आणि इंजेक्शनची नोंद होती, अंगठ्याच्या हालचालीबद्दल एक अक्षर नव्हतं. बाई उड्या मारायला लागल्या. "लिही, त्यानं बघितलंच नाही!"

"नाही," भाची म्हणाली. "असं लिही: 'माझ्या आठवणीप्रमाणे मला अंगठ्याचा शेंडा वाकवायला सांगितलं गेलं नाही. केसपेपरच्या प्रतीत अशी तपासणी केल्याची नोंद नाही.' बघितलं नाही हे तुला ठाऊक नाही. सांगितलं नाही हे आठवतंय. नोंद नाही हे दिसतंय. तीन वेगळ्या गोष्टी आहेत."

"अगं, म्हणजे माप घेतल्यासारखंच की!" बाई म्हणाल्या. "छातीचं माप कमरेला लावायचं नाही."

त्यानंतर त्यांना चेवच चढला. प्रत्येक वाक्याला त्या टेप लावू लागल्या. नवऱ्यानं "असह्य वेदना" लिहिलं की त्या म्हणत, "किती असह्य? मला त्या दिवशी भजन ऐकू येत होतं, म्हणजे सह्य होतं. नुसतं 'दुखत होतं' लिही." सासूबाईंचा एकेक शब्द गळत गेला तशी त्यांची तब्येत खालावली. शेवटी त्यांनी फक्त एक "हाय" ठेवा म्हणून विनंती केली. तीही नामंजूर झाली.

भांडण झालं ते सहाव्या परिच्छेदावर. डॉक्टरनं सांगितलं होतं, आठ दिवस हाताला काम देऊ नका. बाई चौथ्या दिवशीच मशीनवर बसल्या होत्या, गणवेशांची ऑर्डर होती म्हणून.

"हे कशाला सांगायचं?" नवरा म्हणाला. "आपल्याच पायावर धोंडा?"

"तो सांगेलच मामा," भाची म्हणाली. "त्यानं सांगितलं तर ते लपवलेलं ठरेल. आपण सांगितलं तर ती नुसती माहिती."

"लिहा," बाई म्हणाल्या. "बसले होते मशीनवर. लाज कसली?"

अशा रीतीनं पाच पानांची दीड पानं झाली. प्रतिज्ञापत्राचा कागद आला, केसपेपर, सर्जनचं पत्र, फोटो, सगळं नंबर घालून लावलं. भाची म्हणाली, "आणि हे कुणालाही दाखवायचं नाही. कौन्सिलला दिलं की तक्रार, दुकानाच्या भिंतीवर लावलं की बदनामी. तो जुना मसुदा कुठाय? आधी तो फाडा."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कुठला?" नवऱ्यानं विचारलं, आणि विचारता विचारता त्याचा चेहरा पांढरा पडला.

त्या घरात कागद वाया घालवायची पद्धत नव्हती. कोऱ्या पाठीचा कागद हाती लागला की नवरा त्याची पट्टी करायचा आणि नव्या शर्टा-कोटाच्या कॉलरीत खुपसायचा, म्हणजे कॉलर मोडत नाही. त्या सकाळी त्यानं दोन पांढरे कोट घडी करून, कॉलरीत कागद घालून रवाना केले होते. कोट फार पूर्वी, अंगठा शाबूत असताना, शिवायला आलेले होते. आणि शिवायला दिले होते कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी.

"मामा," भाची अगदी हळू आवाजात म्हणाली, "कुठलं पान?"

"दोन पानं. एक कसायाचं. दुसरं... दलालाचं असावं."

सासूबाई एकदम टवटवीत झाल्या. "मग पोचलं म्हणायचं!"

बाईंनी चप्पल घातली नाही घातली आणि पळत सुटल्या. मागे नवरा, त्याच्या मागे भाची वकिली बूट वाजवत. "मामी, काही बोलू नकोस! फक्त कागद आण!" दवाखान्यापाशी दोघांना बाहेर थोपवून बाई एकट्या आत गेल्या.

आत अकरा माणसं बसली होती. पहिला कोट स्वागताच्या टेबलामागे खुंटीवर होता. रिसेप्शनिस्ट फोनवर बोलत असताना बाईंनी "टाका बघते हं" म्हणत त्याच्या कॉलरीतून कागद ओढला. कसाई सापडला. दुसरा कोट कुठे दिसेना.

"दुसरा साहेबांनी घातलाय," रिसेप्शनिस्ट म्हणाली. "म्हणाले, कॉलर काय छान ताठ बसलीय."

बाईंच्या पोटातून असं काही हसू वर आलं, की त्यांना ते खोकल्यात दडवावं लागलं. माणूस मानेभोवती यमाची दलाली घेऊन लोकांचे ताप बघत होता! खोकला थांबेना म्हणून रिसेप्शनिस्टनं त्यांना थेट आत सोडलं.

डॉक्टर पेशंटच्या घशात टॉर्च मारत होते. कॉलर खरंच ताठ होती. मागच्या बाजूनं कागदाचा कोपरा बोटभर वर आला होता आणि त्यावर नवऱ्याच्या सुवाच्य अक्षरात "रद्दीतून" एवढं स्वच्छ वाचता येत होतं.

"डॉक्टर, कॉलरचा कागद राहिला काढायचा," बाई म्हणाल्या. "जरा मान खाली घाला."

डॉक्टरांनी आज्ञाधारकपणे मान खाली घातली. बाईंनी डाव्या हातानं कॉलर धरायला आणि उजव्यानं कागद ओढायला घेतला. पण डावा अंगठा कापडावर नुसता टेकला, धरेना. कॉलर सुटली, कागद आणखी खाली गेला. पुन्हा धरली. पुन्हा सुटली. पेशंट टॉर्चकडे तोंड वासून बसला होता. तिसऱ्या वेळी बाईंनी कॉलर मनगटानं दाबली आणि कागद बाहेर काढून मुठीत चुरगाळला.

"कसा आहे अंगठा?" डॉक्टर मान वर करत म्हणाले.

"वाकत नाही."

"अजून? होईल हळूहळू. चोळताय ना?" आणि ते पुन्हा घशाकडे वळले. हाताकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मुठीतला कागद बाईंना चटके देत होता. एक पाऊल पुढे टाकून तो टेबलावर उलगडावा, मोठ्यानं वाचावा, बाहेरच्या अकरा माणसांना ऐकू जाईल असा वाचावा, असं त्यांना इतकं वाटलं की दातांवर दात बसले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं. मग त्या बाहेर आल्या.

फुटपाथवर नवरा आणि भाची श्वास रोखून उभे होते. बाईंनी मूठ उघडली आणि तिघंही भिंतीला धरून हसत सुटले. भाचीचा चष्मा पडला, नवऱ्याला उचकी लागली. हसून दमल्यावर बाई म्हणाल्या, "आज अठरा तारीख, संध्याकाळी सहा दहा. कोटाची कॉलर नीट करायला गेले होते. त्यांनी स्वतः विचारलं, कसा आहे अंगठा. मी म्हटलं वाकत नाही. ते म्हणाले होईल हळूहळू, चोळताय ना. हात बघितला नाही. परिच्छेद नऊ."

भाचीनं मामीकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी ती एरवी न्यायाधीशांकडे बघायची.

तक्रार गेली. कौन्सिलनं ती डॉक्टरांना पाठवून खुलासा मागवला, खुलासा आला, त्याची प्रत बाईंना मिळाली. डॉक्टरांनी लिहिलं होतं की उपचार योग्य झाले, पेशंटनं विश्रांतीची सूचना पाळली नाही, आणि बाकी आरोप अमान्य आहेत. दोन महिन्यांनी सुनावणीची तारीख आली. अंगठा आहे तसाच दाखवता यावा म्हणून बाईंनी सर्जनला सांगून ऑपरेशन तेवढं पुढे ढकललं होतं. आता उशिरानं फारसा फरक पडत नाही, असं ते म्हणाले होते, आणि ते ऐकून बाईंना बरं वाटावं की वाईट हे ठरवता आलं नव्हतं.

सुनावणीची खोली अगदीच साधी निघाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, किरकिरणारा पंखा. बाईंना कठडा, घंटा, निदान एखादा पट्टेवाला तरी अपेक्षित होता. समोर पाच सदस्य, मधोमध पांढऱ्या केसांच्या अध्यक्षीणबाई. एका बाजूला डॉक्टर, घामेजलेले. दुसऱ्या बाजूला बाई आणि भाची. नवरा आणि सासूबाई बाहेरच्या बाकावर. सासूबाईंना बाहेर ठेवणं हा भाचीचा सगळ्यात मोठा कायदेशीर डावपेच होता.

"चौथ्या दिवशी या मशीन चालवत होत्या," डॉक्टर म्हणाले. "स्नायूबंध तेव्हा तुटला असू शकतो."

"परिच्छेद सहा," बाई म्हणाल्या. "मीच लिहिलंय."

अध्यक्षीणबाईंनी पान उलटलं. "हो. आहे."

"आणि अठरा तारखेला या पेशंट म्हणून आल्याच नव्हत्या. माझी कॉलर नीट करायला आल्या होत्या."

"परिच्छेद नऊ."

एका सदस्यानं ओठ चावून हसू दाबलं. मग टोकाला बसलेला, आतापर्यंत गप्प असलेला सदस्य उठला. तोही हाताचा सर्जन होता. त्यानं खुर्ची बाईंजवळ ओढली आणि म्हणाला, "बघू?"

त्यानं अंगठ्याचं खालचं पेर दोन बोटांत घट्ट धरलं. "आता फक्त शेंडा वाकवा."

बाईंनी जीव एकवटला. शेंडा तसाच राहिला.

"दुसऱ्या हाताचा?" तो उजवा अंगठा धरून म्हणाला. शेंडा लगेच वाकला. "झालं. धन्यवाद."

बाई बघतच राहिल्या. "एवढंच?"

"एवढंच."

"याला मशीन नाही लागत? फोटो?"

"पहिल्या दिवशी संशय यायला नाही लागत. शंका आली की त्याच दिवशी पुढे पाठवायचं. तेव्हा सरळ शिवता येतं."

बाईंना वाटलं होतं, डॉक्टरकडून राहून गेलेली तपासणी फार मोठी, फार अवघड असणार. ती दहा सेकंदांची निघाली. शर्टाचं बटण लावायला याहून जास्त वेळ लागतो.

अध्यक्षीणबाई डॉक्टरांकडे वळल्या. "मशीन त्यांनी चौथ्या दिवशी चालवली. त्या तुमच्याकडे पहिल्या दिवशी आल्या. त्या दिवशी, किंवा टाके काढताना, तुम्ही हे केलं होतं का?"

डॉक्टरांनी समोरचे कागद सरळ केले. "दवाखान्यात गर्दी होती मॅडम. रक्तस्राव थांबवणं..."

"गर्दी मला समजते. मीही चाळीस वर्षं दवाखाना चालवला. हे केलं होतं का?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच बाईंच्या हाताकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "केलं नव्हतं."

लिहून घेणाऱ्या कारकुनानं ते लिहून घेतलं. अध्यक्षीणबाईंनी सांगितलं की निर्णय लेखी कळवला जाईल, आणखी कुणाला काही सांगायचं आहे का? भाचीनं बाईंकडे पाहिलं. बाईंकडे सांगायला पाच पानं होती. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

बाहेर नवरा बाकावरून उठला, सासूबाई त्याच्याही आधी. "काय झालं? काय म्हणाला मेला? चांगला झापला का त्याला? पहिल्यापासून सांग!"

"विचारलं त्यांनी," बाई म्हणाल्या. "तो 'नाही' म्हणाला. 'केलं नव्हतं' म्हणाला."

"आणि?"

बाईंनी तोंड उघडलं. मग त्या बाकावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या हमसून रडायला लागल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "आणि काही नाही. एवढंच झालं."